rtol कितीही कमी केला तरी हॅलीची कक्षा बंद होईना. सॉल्व्हर पुढची स्टेप ठरवतो तरी कशी?

ध्रुवमत्स्य

हॅलीच्या धूमकेतूची कक्षा पायथनमध्ये काढतोय. फक्त सूर्य आणि धूमकेतू, ग्रह घेतलेले नाहीत. अंतर खगोलीय एककात, वेळ दिवसांत. सुरुवात उपसूर्य बिंदूपासून, म्हणजे सूर्यापासून ०.५८६ एककावर. विकेंद्रता ०.९६७ धरली आहे, त्यामुळे केप्लरच्या नियमाने एक फेरी सुमारे ७५ वर्षांची यायला हवी.

```python
from scipy.integrate import solve_ivp

GM = 2.9591e-4
def f(t, s):
    x, y, vx, vy = s
    r3 = (x*x + y*y)**1.5
    return [vx, vy, -GM*x/r3, -GM*y/r3]

sol = solve_ivp(f, (0, 60000), [0.586, 0, 0, 0.03152], rtol=1e-6)
```

एकूण ऊर्जा मोजून बघतो, तर ती प्रत्येक वेळी सूर्याजवळून जाताना उडी मारते आणि मग पुढची वर्षानुवर्षं जवळपास स्थिर राहते. म्हणून rtol आधी 1e-8 आणि मग 1e-10 केला. उडी किंचित बदलली, पण गेली नाही. स्टेपची लांबी सॉल्व्हर आपोआप ठरवतो एवढं माहीत आहे. पण कशावरून ठरवतो? आणि मी चूक कमी ठेवायला सांगतोय, तर ऐकत का नाही?

---

शिल्पा_र

तुम्ही t_eval दिलेलं नाही. t_eval मध्ये np.linspace ने लाखभर बिंदू द्या, म्हणजे सॉल्व्हरला तेवढ्या बारीक स्टेप घ्याव्याच लागतील. माझे आलेख तसे केल्यावर एकदम गुळगुळीत आले होते.

---

अण्णा_कोल्हापूर

rtol म्हणजे उत्तरात किती अंक बरोबर हवेत ते. 1e-6 दिलं तर सहा, 1e-10 दिलं तर दहा. सॉल्व्हर प्रत्येक स्टेपला चूक मोजतो, जास्त निघाली तर स्टेप लहान करतो, कमी असेल तर वाढवतो. ते तसं होत नसेल तर सूत्रात कुठेतरी चूक असणार. f पुन्हा तपासा.

---

मुक्ता_ना

ध्रुवमत्स्य, तुमचं f बरोबर आहे. घोटाळा तुम्ही न लिहिलेल्या गोष्टीत आहे. पण त्यासाठी आधी स्टेप कशी ठरते ते बघावं लागेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

solve_ivp ला पद्धत सांगितली नाही तर तो RK45 घेतो, म्हणजे डॉर्मंड आणि प्रिन्स यांनी १९८० साली दिलेली जोडी. एका स्टेपमध्ये तो f ला ठरावीक ठिकाणी विचारतो आणि त्याच उत्तरांपासून नवी स्थिती दोन प्रकारे काढतो, एक पाचव्या कोटीच्या अचूकतेची आणि एक चौथ्या. खरं उत्तर त्याला माहीत नसतं. त्याच्याकडे या दोघांमधला फरक असतो, आणि तोच तो चूक म्हणून धरतो. पुढे नेतो मात्र पाचव्या कोटीचं उत्तर. म्हणजे जी चूक तो मोजतो ती प्रत्यक्षात त्याने टाकून दिलेल्या उत्तराची असते. ठेवलेलं उत्तर बहुतेक वेळा त्याहून चांगलं असतं, पण किती चांगलं हे त्याला कळत नाही.

आता प्रत्येक घटकासाठी, म्हणजे तुमच्या x, y, vx, vy साठी, तो मर्यादा काढतो. त्यात atol ही ठरावीक मुभा, आणि rtol ही घटकाच्या मापाच्या प्रमाणातली:

```
scale = atol + rtol * max(|y_old|, |y_new|)
```

फरकाला या मर्यादेने भागायचं, चारही घटकांची वर्ग-सरासरी काढून वर्गमूळ घ्यायचं, की एक आकडा उरतो. त्याला E म्हणू. E एकापेक्षा कमी असेल तर स्टेप मान्य, नाही तर ती फेकून त्याच जागेवरून लहान स्टेपने पुन्हा प्रयत्न. आणि दोन्ही वेळा नवी लांबी या एकाच सूत्राने:

```
h_new = h * 0.9 * E**(-1/5)
```

एक पंचमांश घात का? स्टेप अर्धी केली की हा फरक साधारण २ चा पाचवा घात, म्हणजे ३२ पटीने कमी होतो. सॉल्व्हर हेच उलटं वाचतो. समजा E = ३२ आला. स्टेप रद्द, आणि पुढचा प्रयत्न ०.४५ पट लांबीने. E = १/३२ आला तर मान्य, आणि पुढची स्टेप १.८ पट. तो ०.९ नसता तर सॉल्व्हर दर वेळी बरोबर मर्यादेवर नेम धरून बसला असता, आणि जरासा अंदाज चुकला की स्टेप वाया गेली असती. ०.९ मुळे नेम E = ०.५९ च्या आसपास राहतो. शिवाय एका वेळी पाचपटीपेक्षा जास्त आखडायचं नाही, दहापटीपेक्षा जास्त वाढायचं नाही, आणि नुकतीच रद्द झालेली स्टेप असेल तर लगेच वाढवायची नाही, असेही लगाम आहेत.

आता तुमचं atol. तुम्ही दिलं नाही म्हणून ते 1e-6 आहे. उपसूर्य बिंदूपाशी वेग ०.०३१५. rtol = 1e-10 असेल तर त्या घटकाची मर्यादा 1e-6 अधिक 3e-12, म्हणजे 1e-6 च. rtol चा आवाज तिथे ऐकूच येत नाही. वेगाच्या मानाने ही मर्यादा लाखात तीन एवढी सैल आहे. तुम्ही rtol कितीही कमी करा, सॉल्व्हर atol वर थांबणार.

अपसूर्य बिंदूपाशी तर वेग फक्त ०.०००५३, सेकंदाला एक किलोमीटरसुद्धा नाही. तिथे हीच मर्यादा वेगाच्या ०.२ टक्के होते.

---

मुक्ता_ना

शिल्पा, t_eval चं वेगळं लिहिते, कारण हा समज अनेकांचा असतो. t_eval मुळे स्टेप बदलत नाहीत. सॉल्व्हर आपल्या मर्जीच्या स्टेप घेतो आणि मागितलेल्या बिंदूंवरची उत्तरं प्रत्येक स्टेपच्या आत बसवलेल्या बहुपदीतून काढून देतो. आलेख गुळगुळीत होतो हे खरं, पण अचूकता होती तेवढीच राहते. स्टेपवर बंधन घालायचं असेल तर max_step आहे.

---

अण्णा_कोल्हापूर

atol चं मान्य. पण मग atol शून्यच का नाही ठेवायचं? rtol = 1e-8, atol = 0. आठ अंक बरोबर, विषय संपला.

---

मुक्ता_ना

अण्णा, यात दोन गोष्टी आहेत.

पहिली सोपी. ध्रुवमत्स्य यांची सुरुवात y = 0, vx = 0 अशी आहे, आणि हे घटक पुढेही शून्यातून जात राहतात. निव्वळ सापेक्ष मर्यादा तिथे जवळजवळ शून्य होते आणि सॉल्व्हर कारण नसताना स्टेप आखडत बसतो. atol त्यासाठीच आहे. फक्त ते त्या घटकाच्या मापाचं हवं. त्याला यादीही देता येते, स्थानासाठी वेगळं आणि वेगासाठी वेगळं:

```python
atol=[1e-11, 1e-11, 1e-13, 1e-13]
```

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. rtol एका स्टेपपुरता आहे. सॉल्व्हर दर स्टेपला असं धरून चालतो की आपण उभे आहोत ती जागा अगदी बरोबर आहे. मागच्या चुकांचं पुढे काय होतं याचा हिशेब तो ठेवत नाही. ते काय होतं हे समीकरण ठरवतं.

हॅलीवरच करून बघू. ऊर्जेवरून दीर्घ अक्ष ठरतो आणि त्यावरून काळ. वेगाच्या परिमाणात सापेक्ष चूक d झाली तर गतिज ऊर्जा 2d ने बदलते. a हा अर्धा दीर्घ अक्ष आणि e ही विकेंद्रता धरली तर उपसूर्य बिंदूपाशी वेगाचा वर्ग हा GM/a च्या (१+e)/(१−e) पट असतो, इथे ५९.६ पट. हिशेब केला की काळातली सापेक्ष चूक d च्या सुमारे १७९ पट निघते. अपसूर्य बिंदूपाशी हाच गुणक ५९.६ ने गुणायच्या ऐवजी भागून येतो, म्हणजे ०.०५.

आता आकडे घाला. डिफॉल्ट rtol = 1e-3 आहे. उपसूर्य बिंदूपाशी एकाच स्टेपमध्ये तेवढी चूक वेगात शिरली तर काळ १८ टक्क्यांनी, म्हणजे १३ वर्षांनी सरकतो. तीच चूक अपसूर्य बिंदूपाशी झाली तर फरक एक-दोन दिवसांचा. तुमच्या 1e-8 ने उपसूर्य बिंदूपाशी एका स्टेपची पूर्ण मुभा वापरली गेली तर सुमारे ७० मिनिटं. आठ अंक बरोबर असते तर ७५ वर्षांत पाऊण मिनिटाच्या आतच फरक पडला असता. प्रत्यक्षात पाचव्या कोटीचं उत्तर पुढे नेल्यामुळे चूक याहून कमी होते, पण तशी हमी कुणी दिलेली नाही.

ऊर्जा सूर्याजवळच उडी का मारते याचं उत्तरही हेच. सॉल्व्हरने दोन्हीकडे सारखीच मर्यादा पाळली, परिणाम मात्र सारखे नाहीत.

आणि ध्रुवमत्स्य, तुमचा 0.03152 हा आकडाही बघा. sqrt(GM*1.967/0.586) काढलं तर 0.031516 येतं. चौथ्या सार्थ अंकावर केलेल्या त्या गोळाबेरजेने काळ दीड वर्षाहून जास्त वाढतो. टॉलरन्स कितीही घट्ट केला तरी ते दुरुस्त होणार नाही, कारण सॉल्व्हर दुसऱ्याच कक्षेचं उत्तर अचूक काढत राहील.

---

जुनी_वही

याच धूमकेतूसाठी हा उद्योग हाताने झालेला आहे. १९१० च्या फेरीआधी ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनी ग्रहांची ओढ धरून हॅलीची वाट टप्प्याटप्प्याने मोजली. त्यांच्या स्टेप २ दिवसांपासून २५६ दिवसांपर्यंत होत्या, सूर्याजवळ लहान आणि दूर गेल्यावर मोठ्या. फरकांच्या कोष्टकात वरच्या कोटीचे फरक वाढू लागले की स्टेप मोठी झाली असं समजायचं, ही हाताने मोजणाऱ्यांची जुनी रीत.

धूमकेतू त्यांच्या अंदाजापेक्षा सुमारे तीन दिवस उशिरा, २० एप्रिल १९१० ला उपसूर्य बिंदूपाशी आला. तो फरक गणनेच्या चुकीचा नव्हता. तापलेल्या बर्फातून वायूचे झोत सुटतात आणि धूमकेतूला ढकलतात, हे १९५० मध्ये व्हिपलने मांडलं. त्यामुळे ७० मिनिटांची चिंता करताना हेही लक्षात असू द्या, की सूत्रात नसलेलं बळ दिवसांचा फरक पाडतं.

---

मुक्ता_ना

जुनी_वही, २ आणि २५६ हे फार बोलके आकडे आहेत. सूर्यापासून r अंतरावर हालचालीचा स्वाभाविक काळ r च्या दीड घाताने वाढतो. हॅलीच्या दोन टोकांच्या अंतरांचं गुणोत्तर सुमारे ६०, त्याचा दीड घात ४६०. चांगल्या सॉल्व्हरच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान स्टेपमध्ये एवढं अंतर पडायला हवं. कायम एकच स्टेप ठेवायची तर सूर्याजवळची लहान स्टेप पूर्ण ७५ वर्षं ओढावी लागेल. ध्रुवमत्स्य यांना हे स्वतः बघता येईल: t_eval न देता np.diff(sol.t) चा आलेख काढा, अंतराच्या बाजूला. दोन्ही अक्ष लॉगचे ठेवा, चढ १.५ च्या आसपास दिसला पाहिजे. atol चुकीचं असेल तर तो चढ बिघडतो, आणि बिघाड कुठे सुरू होतो तेही दिसतं.

---

गोदाकाठ

माझा प्रश्न धूमकेतूचा नाही, पण स्टेपचाच आहे. पाण्याच्या टाकीत क्लोरीन किती उरतं त्याचं मॉडेल करतो. दिवसातून एकदा दहा मिनिटं डोसिंग पंप चालतो, बाकी वेळ क्लोरीन हळूहळू कमी होत जातं. काही दिवसांचे डोस उत्तरात येतात, काही दिवसांचे सपशेल गायब. एररही नाही, वॉर्निंगही नाही. rtol कमी केला की वेगळेच डोस गायब होतात. तुमच्या सूत्राप्रमाणे पंप सुरू झाल्यावर E वाढून स्टेप लहान व्हायला हवी ना?

---

मुक्ता_ना

व्हायला हवी, पण पंप सुरू असताना सॉल्व्हरने तिथे डोकावलं तरच. E त्या स्टेपमधल्या f च्या नमुन्यांवरून येतो, आणि नमुन्यांच्या जागा ठरलेल्या आहेत: स्टेपची सुरुवात, १/५, ३/१०, ४/५, ८/९ आणि शेवट. ३/१० ते ४/५ या मधल्या अर्ध्या स्टेपमध्ये एकही नमुना नाही. क्लोरीन संथ कमी होतंय, E छोटा, स्टेप वाढत वाढत काही तासांची झाली. दहा मिनिटं त्या अर्ध्या भागात पडली की सॉल्व्हरच्या दृष्टीने पंप कधी चाललाच नाही. दोन्ही उत्तरं एकमेकांशी छान जुळतात, कारण दोघांनीही तीच आंधळी जागा सोडली. rtol बदलला की स्टेपच्या सीमा सरकतात, म्हणून वेगळे डोस गायब.

यावर टॉलरन्स हा उपाय नाही. max_step दहा मिनिटांहून कमी ठेवला तर चालेल, पण ते महाग. पंपाच्या वेळा माहीत आहेत, तर त्या वेळांना गणना तोडा: पंप सुरू होईपर्यंत एक solve_ivp, पंप बंद होईपर्यंत दुसरं, आधीची शेवटची स्थिती पुढच्याची सुरुवात. प्रत्येक तुकड्यात f सलग राहतं आणि सूत्र ज्या गृहीतावर उभं आहे ते टिकतं.

---

ध्रुवमत्स्य

मुक्ताताई, atol यादीने दिलं, सुरुवातीचा वेग sqrt ने काढला, rtol = 1e-10. ऊर्जेची उडी पूर्वीच्या आलेखाच्या मापावर आता दिसतच नाही आणि दुसरी फेरी पहिल्यावर बसते. diff चा आलेखही काढला, चढ बराचसा १.५ सारखाच आहे. उपसूर्य बिंदूपाशी मात्र बिंदू थोडे विखुरलेले आहेत. तिथे स्टेप रद्द होत असतील का? किती रद्द झाल्या ते sol मध्ये कुठे दिसत नाही.

---

मुक्ता_ना

थेट दिसत नाही, पण nfev वरून निघतं. RK45 मध्ये प्रत्येक प्रयत्नाला, मान्य होवो वा रद्द, f सहा वेळा बोलावलं जातं. शेवटचा नमुना पुढच्या स्टेपचा पहिला म्हणून वापरतात, म्हणून सात नाही. सुरुवातीला आणखी दोन हाका जातात. म्हणून:

```python
tries = (sol.nfev - 2) / 6
rejected = tries - (len(sol.t) - 1)
```

t_eval दिलं असेल तर हे चालणार नाही, कारण मग sol.t मध्ये तुमचे बिंदू असतात. हॅलीसारख्या कक्षेत सूर्याकडे येताना काही रद्द होणं स्वाभाविक आहे, कारण सूत्र मागच्या स्टेपवरून पुढचा अंदाज करतं आणि येताना परिस्थिती दर स्टेपला कडक होत जाते. जाताना जवळपास काहीच रद्द होऊ नये. संथ भागातही दर दोन-तीन स्टेपला एक रद्द होत असेल तर मात्र स्टेप अचूकतेने नव्हे, स्थिरतेने अडवलेली असते. तिथे Radau किंवा BDF कडे वळायचं. तुमच्या समीकरणात तसं काही नाही.

आणि उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे बघायला rtol आणि atol दोन्ही शंभरपट कमी करून पुन्हा चालवा. स्टेपची संख्या सुमारे अडीच पट होईल, कारण १०० चा एक पंचमांश घात २.५ आहे. दोन उत्तरांत जे अंक जुळतात तेवढेच धरा.

---

अण्णा_कोल्हापूर

स्टेपपुरता आणि पूर्ण उत्तराचा फरक आता पटला. पण कक्षेच्या गणितात मुळात RK45 कशाला? लीपफ्रॉग वापरा. ऊर्जा ढळत नाही, कोटी वर्षं चालवा.

---

मुक्ता_ना

लीपफ्रॉगचा तो गुण स्टेप एकसारखी असेल तोवर आहे, आणि इथे एकसारखी स्टेप म्हणजे वरचं ४६० पटीचं ओझं. दर स्टेपला लांबी स्थितीप्रमाणे बदलू लागलात तर तो गुण निघून जातो आणि ऊर्जा पुन्हा सरकू लागते. स्टेपची निवड पुढे-मागे सारखीच राहील अशी केली तर बराचसा परत मिळतो, पण मग E वरून स्टेप ठरवण्याची ही साधी रीत चालत नाही. ग्रहमालेसाठी मी लीपफ्रॉगच्या घराण्यातलीच पद्धत घेईन. हॅलीच्या एक-दोन फेऱ्यांसाठी DOP853 आणि घट्ट टॉलरन्स.

---

जुनी_वही

मला ते नाही पटत. वेळेच्या जागी दुसरा चल घ्या, dt = r^1.5 ds असा. मग s मध्ये स्टेप एकसारखी ठेवली तरी सूर्याजवळ ती आपोआप लहान होते, कंट्रोलरची गरजच उरत नाही. सुंडमानपासूनची युक्ती आहे ही.

---

मुक्ता_ना

दोनच पिंड असतील तर मान्य. गुरूच्या जवळून जाताना मात्र सूर्यापासूनचं r काहीच सांगत नाही, तिथे चूक मोजणारा कुणीतरी लागतोच. दोन्ही एकत्र वापरणारे आहेत. कोणतं स्वस्त पडतं ते कक्षेवर अवलंबून, माझ्याकडे एकच उत्तर नाही.

---

गोदाकाठ

तुकडे करून चालवलं, सगळे डोस आले. एक राहिलं. दुसऱ्या टाकीचा पंप वेळेवर नाही, पातळी अमुक खाली गेली की सुरू होतो. तिथे events वापरलं तर स्टेप मोठी असली तरी तो क्षण सापडेल का?

---

मुक्ता_ना

पातळी खाली जाऊन त्याच स्टेपमध्ये परत वर आली तर नाही सापडणार. events फक्त स्टेपच्या दोन टोकांना चिन्ह बदललं का ते बघतं. दोन्ही टोकांना पातळी रेषेच्या वरच असेल तर त्याला काही घडलंच नाही असं वाटतं. फक्त खाली जात राहणार असेल तर सापडेल, आणि स्टेपच्या आतला क्षणही तो बहुपदीवरून नीट काढून देईल. event.terminal = True ठेवा, म्हणजे गणना तिथे थांबेल आणि पुढचा तुकडा पंप चालू धरून सुरू करता येईल. ग्राहकांचा वापर अचानक वाढतो-घटतो अशी तुमची टाकी असेल तर त्या भागापुरता max_step लावाच.